उसन्या पोह्यांचा हिशेब

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग बांधताना सरकारनं बरीचशी जमीन शेतकऱ्यांकडून थेट खरेदीखतानं घेतली आणि सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत मोबदला दिला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा. रस्ता पुरा व्हायच्या कितीतरी आधी त्याचे पैसे गावात पोचले होते. ज्या घरात पीककर्जाचे हप्ते थकत होते तिथल्या पासबुकात एका दिवसात आठ आकडे उमटले. मग कर्ज फिटलं, दारात मोठी गाडी आली, स्लॅबचं घर उभं राहिलं आणि वास्तुशांतीला कीर्तन ठरलं. पुण्याभोवतीच्या गावांनी आणि नवी मुंबईनं हेच वेगवेगळ्या काळात पाहिलं आहे.

या कीर्तनात महाराजांनी काय बोलावं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. यजमानानं बिदागी ठरवलेली असते, गळ्यात हार घातलेला असतो. पहिल्या रांगेत सरपंच आणि सोसायटीचे चेअरमन, आणि मागे कनातीला टेकून ज्यांच्या शेताला रस्ता लागला नाही ते भाऊबंद. कीर्तन करावं तिथं अन्नसुद्धा घेऊ नये, अशी कडक अट तुकोबांनी कीर्तनकाराला घातली आहे, ती का घातली हे अशा मांडवात कळतं.

दोन सोप्या वाटा आहेत आणि बरेच जण त्यातली एक धरतात. पहिली स्तुतीची: पूर्वजन्मीचं पुण्य फळाला आलं, वडिलांची पुण्याई पावली. ऐकायला गोड आहे, पण बांधापलीकडच्या चुलतभावाला त्याचा अर्थ लगेच कळतो. जमीन एकाच पणजोबाची, मधे बांध तेवढा. महामार्गाची आखणी याच्या गटातून गेली, त्याच्या गटातून गेली नाही. हे पुण्य असेल तर त्याच्या वाट्याला पाप आलं म्हणायचं का? दुसरी वाट कानउघाडणीची. महाराज माइकवरून पैशाच्या माजावर तोंडसुख घेतात, मागच्या रांगा माना डोलावतात, यजमान खाली बघतो. मांडव उठल्यावर दोन्हीकडची मनं आधीपेक्षा कडू झालेली असतात. पाहुण्यांसमोर फजिती झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी जाऊन तिचा वाटा देत नाही.

म्हणून चांगला कीर्तनकार आख्यानाचा आडोसा घेतो, आणि या प्रसंगासाठी सुदाम्यासारखं आख्यान दुसरं नाही. ते सगळ्यांना पाठ आहे, आणि तिथंच पंचाईत होते. आपण ते मैत्रीची गोष्ट म्हणून ऐकतो आणि सोन्याची नगरी दिसली की टाळ्या वाजवून उठतो. भागवताच्या दशम स्कंधातले ऐंशी आणि एक्याऐंशी हे दोन अध्याय नीट वाचले, तर ती अचानक श्रीमंत झालेल्या माणसाची गोष्ट आहे हे ध्यानात येतं. मूळ कथेत त्याचं सुदामा हे नावही येत नाही. कृष्णाचा मित्र असलेला एक ब्राह्मण, फाटक्या वस्त्रातला, एवढीच त्याची ओळख.

आता एक घर डोळ्यासमोर आणू. वैजापूर तालुक्यातलं समजा. वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि येवल्याकडे दिलेली बहीण. चार एकरांतली अडीच एकर महामार्गात गेली, मोबदला आला सव्वा कोटी. खरेदीखताच्या आधी तलाठ्याकडे वारसांची नावं निघाली, त्यात बहिणीचं नाव होतं. तेव्हा थोरला भाऊ येवल्याला गेला. कागदाचं काम आहे, तुझी सही लागते, म्हणाला. बहिणीनं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत येऊन हक्कसोडपत्रावर सही केली. त्या दिवशी तिला साडी घेतली, हॉटेलात जेवू घातलं. पैसे दोन्ही भावांच्या खात्यात आले. आज वास्तुशांतीला ती सहकुटुंब आली आहे आणि स्वयंपाकघरात पुरणाच्या पातेल्यापाशी बसली आहे.

घर कल्पनेतलं असलं, तरी समृद्धीच्या दोन्ही बाजूंना कुणालाही ते ओळखीचं वाटेल. महाराजांना त्या घरापुढे उभं राहून बोलायचं आहे.

यजमान सुदाम्याची गोष्ट ऐकायला बसतो तेव्हा मनातल्या मनात तो कृष्णाच्या आसनावर बसलेला असतो. आता आपण देणारे आहोत, गरीब नातेवाईक आपल्या दारी येणार, हे त्याला कळून चुकलेलं असतं. कीर्तनकारानं त्याला आधी त्या आसनावरून उठवून सुदाम्याच्या झोपडीत नेऊन बसवलं पाहिजे. कारण कृतज्ञतेची सुरुवात तिथं आहे, आणि ती एका अगदी बारीक तपशिलात आहे.

द्वारकेला निघताना सुदामा बायकोला विचारतो, भेट म्हणून न्यायला घरात काही आहे का? घरात काहीच नसतं. ती शेजारच्या ब्राह्मणांच्या घरी जाते, चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. पुढचं सगळं वैभव त्या पोह्यांच्या बदल्यात आलं, आणि ते पोहे त्या घरचे नव्हतेच. शेजाऱ्यांचे होते. नगरी सोन्याची झाल्यावर ते कुणी परत केले का, याबद्दल भागवत काही बोलत नाही. कीर्तनकारांनीही मला वाटतं हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. पण या मांडवात विचारायचा प्रश्न हाच आहे.

महाराज इथं आवाज न चढवता एवढंच म्हणू शकतात: "मायबाप, देवानं दिलं म्हणून देवाचे आभार मानले, हे बरंच केलं. पण देवाकडे जाताना जे पोहे नेले ते कोणाकोणाच्या घरचे होते, हे आज रात्री एकदा आठवा. तुमचे वडील आजारी असताना दोन वर्षं ही जमीन कोणी कसली? सावकाराकडे गहाण पडली तेव्हा सोडवायला डोरलं कोणी मोडलं? खत कागदावर आलं तेव्हा कोणाच्या सहीनं आलं? मी नावं घेत नाही. मला ठाऊकही नाहीत. तुम्हाला ठाऊक आहेत."

स्वयंपाकघरापर्यंत स्पीकरचा आवाज जातो. तिथं ते ऐकलं जातं. मांडवात मात्र कोणाची मान खाली गेलेली नसते.

त्या सहीची किंमतही स्पष्ट केली पाहिजे, कारण बहिणीचा हक्क म्हणजे नुसती भावनेची गोष्ट असा समज अजून घट्ट आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. तेव्हा वडील हयात होते की नव्हते यावरून वाद होत राहिला, तो सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये मिटवला: हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची गरज नाही. आपल्या कल्पनेतल्या घरात आई आणि तीन भावंडं. जमीन वडिलोपार्जित धरा नाहीतर वडिलांची स्वकष्टाची, दोन्ही हिशेबांनी प्रत्येकाचा वाटा चौथा येतो. सव्वा कोटीचा चौथा भाग म्हणजे सव्वाएकतीस लाख. त्या दिवशीच्या साडीच्या बदल्यात बहिणीनं एवढं सोडलं. आईचंही तेवढंच भावांच्या खात्यात गेलं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की ते सहसा मोडता येत नाही. फसवून सही घेतली हे सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, आणि माहेर तुटेल या धास्तीनं बहुतेक बहिणी जात नाहीत. थोडक्यात, भावाला आता कोणीही भाग पाडू शकत नाही. प्रवचनाचं काम नेमकं इथं आहे, कारण तलाठी, वकील आणि न्यायाधीश यांचं काम संपलेलं आहे.

इथं शास्त्राचाही एक आधार आहे, तो सहसा उलटा वापरला जातो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची खूण सांगितली आहे: ज्यानं आपल्यावर काही उपकार केलेले नाहीत, जो परतफेड करणार नाही, अशा पात्र माणसाला, योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी, द्यायचं म्हणून दिलेलं. ही कसोटी बहिणीला लावून पाहा. तिनं उपकार केलेलेच आहेत. म्हणजे तिला जे द्याल ते दानात बसतच नाही. ते देणं आहे. मंदिराच्या सभामंडपाला पाच लाख देऊन शिलालेखावर नाव घालणारा आणि बहिणीला भाऊबीजेला पाचशेची नोट घालणारा माणूस दानशूर नाही, थकबाकीदार आहे. महाराजांनी हे वाक्य मांडवात म्हणू नये. मासिकात म्हणता येतं.

आता गर्वाकडे. सुदामा द्वारकेहून रिकाम्या हातानं परत निघतो. त्यानं मागितलं नाही आणि कृष्णानं दिलं नाही. वाटेत तो स्वतःची समजूत घालतो, आणि तो विचार मोठा धारदार आहे: निर्धनाला धन मिळालं तर तो माजेल आणि मला विसरेल, म्हणूनच देवानं दयेनं मला काही दिलं नसावं. हे म्हणतानाच त्याची झोपडी मागे महाल झालेली आहे, हे त्याला माहीत नाही. श्रीमंती येण्याच्या आदल्या क्षणी तो स्वतःच्या माजण्याची शक्यता मोकळेपणानं कबूल करतो. मांडवातल्या यजमानाला ही संधी मिळालेली नसते. त्याचे पैसे आधी येतात, विचार नंतर, आला तर.

गर्व ओळखायचा कसा? मोठी गाडी आणि गळ्यातली साखळी या खुणा पटकन दिसतात, पण त्या तितक्या खऱ्या नाहीत. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा नवी गाडी घेता आली त्याला दोन महिने मिरवू द्यावं, त्यात कोणाचं काही जात नाही. खरी खूण बोलण्यात दिसते. एका वर्षात घरातलं बोलणं बदलतं. आधी म्हणत होते, रस्ता आपल्या गटातून गेला. मग म्हणू लागतात, आम्ही दर पाडून घेतला. आणखी सहा महिन्यांनी: आम्ही कष्ट केले, त्यांनी काय केलं? नशिबानं आलेल्या पैशाची जागा कर्तृत्व घेतं, आणि त्याबरोबर चुलतभावाची गरिबी हा त्याचा दोष ठरतो. प्रत्यक्षात त्या चुलतभावाला महामार्गानं नुकसानच दिलेलं असू शकतं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, मधेच ओलांडता येत नाही. शेत पलीकडे गेलं असेल तर बैलगाडी भुयारी मार्ग शोधत वळसा घालून न्यावी लागते. याला मोबदला, त्याला वळसा.

दुसरी खूण याहून फसवी आहे, कारण ती दानाच्या वेशात येते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसाची बढाई आहे: आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, मी धनवान, मी कुलीन, माझ्यासारखा आहे कोण? आणि लगेच पुढे: मी यज्ञ करीन, मी दान देईन. दान देण्याची घोषणा त्या बढाईतच मोजली आहे. तेव्हा वास्तुशांतीच्या माइकवरून अमक्याच्या मुलीच्या लग्नाचा खर्च आपण करणार, असं यजमान जाहीर करतो तेव्हा टाळ्या पडतात खऱ्या, पण त्या मुलीच्या बापानं त्या क्षणी कुठं बघायचं?

म्हणून आता यजमानाला कृष्णाच्या आसनावर बसवायची वेळ येते, आणि तिथं कृष्ण काय करतो हे क्रमानं पाहायला हवं. कृष्ण आधी घेतो. सुदामा लाजून पुरचुंडी लपवतो, मान खाली घालतो, आणि कृष्ण ती स्वतःच्या हातानं ओढून घेऊन पोहे खातो. गरीब नातेवाइकाला देण्याआधी त्याच्याकडून घेतलं पाहिजे, हे इतकं सोपं आणि इतकं दुर्मीळ आहे. हल्ली श्रीमंत घरांच्या पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नयेत' असं छापतात. हेतू चांगला असतो, पण ज्या मावशीनं वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून पितळी समई आणली आहे तिला ती पिशवीतून काढायलाच मिळत नाही. दुसरीकडे जिथं आहेर नावानिशी आणि रकमेनिशी पुकारतात, तिथं तिचे दोनशे एक सगळ्या मांडवाला ऐकू जातात. या दोन्हींपेक्षा यजमानाच्या बायकोनं मावशीच्या हातून समई घेऊन नव्या देवघरात त्याच दिवशी लावावी. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या मुठीला रुक्मिणी कृष्णाचा हात धरते. कीर्तनात इथं हमखास हशा पिकतो, आणि पिकावा. मला यात एक व्यवहार दिसतो. घरातला पैसा एका माणसाचा नसतो, आणि देण्याला मर्यादा घालण्याचा अधिकार बायकोला आहे. भावनेच्या भरात भाऊबंदांना शब्द देऊन आलेला आणि घरी बायकोनं अडवल्यावर फोन न उचलणारा माणूस, काहीच न दिलेल्यापेक्षा जास्त दुखावतो. तुकोबांची परंपरेनं आलेली कथाही हेच सांगते. बापाच्या सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवण्याआधी त्यांनी धाकट्या कान्होबाचा अर्धा हिस्सा वेगळा काढून दिला, आणि बुडवले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे. दुसऱ्याच्या हिश्श्यातून उदार होण्याचा मोह त्यांनी टाळला. थोरल्या भावानं धाकट्याला न विचारता गावजेवण घालण्यापूर्वी ही कथा ऐकावी.

आणि तिसरं म्हणजे कृष्ण देतो ते न सांगता. समोर काहीही देत नाही. सुदामा घरी पोचतो तेव्हाच त्याला कळतं. हे आजच्या घरात उतरवायचं तर रीत अगदी साधी आहे. भाच्याच्या कॉलेजची फी थेट कॉलेजात भरावी. चुलत्याच्या ऑपरेशनचं बिल रुग्णालयात चुकतं करावं आणि जमा पावती त्याच्या हाती न देता आपल्यापाशी ठेवावी. बहिणीचे पैसे मात्र लपूनछपून देऊ नयेत, कारण ते दान नाही. तिच्या नावाच्या खात्यात, बँकेतून, तिच्या नवऱ्याला आणि सासरला कळेल असं द्यावं. सख्ख्या भावाकडून मिळालेल्या रकमेवर तिला प्राप्तिकर लागत नाही. चुलतभावाला वर्षात पन्नास हजारांहून जास्त दिले तर ती सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते, कारण प्राप्तिकर कायद्याच्या लेखी तो नातेवाईकच नाही.

नाती कुठं फाटतात ते अनुभवी माणसांना ठाऊक असतं. 'असू दे, सवडीनं दे' असं म्हणून दिलेले पैसे. देणाऱ्याच्या मनात ते उसने असतात, घेणाऱ्याच्या मनात मदत, आणि तीन वर्षांनी लग्नाच्या पंगतीत कोणीतरी त्याची आठवण काढतं. द्यायच्या वेळीच सांगावं: हे परत नको. किंवा: हे परत हवं, कागद करू. दुसरी जागा नोकरीची. गरीब चुलतभावाला आपल्याच नव्या गाडीवर ड्रायव्हर ठेवणं म्हणजे उपकार, असं अनेकांना मनापासून वाटतं. पहिल्या महिन्यात तो जेवायला बरोबर बसतो, सहाव्या महिन्यात गाडीत थांबतो. त्याला दुसऱ्याची गाडी चालवायला लावून द्यावं, नाहीतर स्वतःची घेऊन द्यावी.

भागवत सांगतं की सुदामा त्या महालात बायकोसह राहिला, त्या वैभवाचा उपभोगही घेतला, पण लोभ न धरता आणि सोडायची तयारी ठेवून. झोपडीत परत जा असं त्याला कोणी सांगत नाही. म्हणून कीर्तनकारानं नव्या घराला नावं ठेवायची गरज नाही. फरशी छान आहे म्हणावं आणि आख्यान सुरू करावं.

तुमच्या घरी असे पैसे आले असतील, तर वास्तुशांतीची तारीख काढण्यापूर्वी कपाटातून हक्कसोडपत्राची प्रत काढा, सही करणाऱ्यांची नावं मोठ्यानं वाचा, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या वाट्याची रक्कम पेन्सिलीनं लिहा.